तारेचा पासंग

अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या जर्नलमधले एक पान. आकृती रेखीव, रकाने पट्टीने आखलेले, पाच वाचने, त्यांची सरासरी आणि शेवटी चौकटीत उत्तर: तारेचा व्यास ०.३८ मिलिमीटर. खाडाखोड कुठेही नाही. सही करायला घेतलेले पेन मात्र मॅडम तसेच धरून ठेवतात. ज्या रिळातली तार मोजायला दिली होती, त्यावर २६ गेज असे लिहिलेले आहे आणि २६ गेजची तार साधारण ०.४६ मिलिमीटर जाड असते. ०.३८ म्हणजे जवळपास २८ गेज झाली. उत्तर विचित्र दिसत नाही, उलट दुसऱ्याच एका खऱ्याखुऱ्या तारेला ते चपखल बसते. म्हणून अशी चूक नुसत्या उत्तराकडे पाहून कळत नाही. रकान्यांतून उलटे चालत जावे लागते.

पहिला मुक्काम लीस्ट काउंट, म्हणजे लघुतम माप. स्क्रू गेजच्या डोक्याला पाच पूर्ण फेरे दिले की ते मुख्य पट्टीवर किती सरकते, ते पाहायचे. पाच मिलिमीटर सरकले तर एका फेऱ्याला एक मिलिमीटर, हा झाला पिच. डोक्याभोवतीच्या गोल पट्टीवर १०० भाग असतील तर एका भागाची किंमत ०.०१ मिलिमीटर. काही गेजचा पिच अर्धा मिलिमीटर असतो आणि गोल पट्टीवर ५० भाग असतात. लीस्ट काउंट तोच येतो, पण तिथे मुख्य पट्टीवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ नजरेतून सुटली की वाचन थेट अर्ध्या मिलिमीटरने कमी भरते. आपल्या हातातले गेज कोणत्या जातीचे, हे मोजूनच ठरवायचे असते. शेजाऱ्याच्या वहीतला लीस्ट काउंट उतरवणाऱ्याला हा फरक कळत नाही.

लीस्ट काउंट ठरला की वाचनांची पहिली चाळणी हाती येते. प्रत्येक वाचन त्याच्या पटीतच असले पाहिजे. या पानावर ०.४२, ०.४३, ०.४२, ०.४१, ०.४२ अशी वाचने आहेत. सगळी पटीत बसतात आणि थोडी इकडेतिकडे होतात, तेही योग्यच, कारण तार सगळीकडे अगदी एकसारखी गोल नसते आणि म्हणून प्रत्येक जागी ती एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजतात. एखाद्या वाचनाच्या जागी ०.४२३ असते तर ते गेजवर वाचलेले नाही हे तिथेच उघड झाले असते. या मुलाने मात्र वाचने खरी घेतली आहेत. सरासरी ०.४२, तीही बरोबर.

मग घोटाळा उरतो तो शून्य त्रुटीत. वहीत लिहिले आहे: शून्य त्रुटी ०.०४. चिन्ह नाही.

किराणा दुकानातला जुना तराजू आठवावा. दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मध्यावर नसेल, तर दुकानदार हलक्या पारड्यात खडा ठेवून पासंग काढायचा आणि मगच माल तोलायचा. शून्य त्रुटी म्हणजे या उपकरणाचा पासंग. जबड्यांत काही नसताना, रॅचेट टक टक वाजेपर्यंत फिरवून गेज बंद केले की गोल पट्टीचे शून्य आडव्या रेषेवर यायला हवे. रेषेवर ४ आले आणि शून्य रेषेच्या खाली राहिले, तर गेज मुळातच ०.०४ मिलिमीटर जास्त दाखवते. ही धन त्रुटी, ती वाचनातून वजा करायची. रेषेवर ९६ आले, तर शून्य रेषा ओलांडून चार भाग वर निघून गेले आहे. असे गेज प्रत्येक वेळी ०.०४ कमी दाखवते, म्हणून ही ऋण त्रुटी आणि तिच्यासाठी तेवढेच मिळवायचे. दोन्ही वेळा आकडा चारच असतो, फरक फक्त दिशेचा. मुलाने चार भाग मोजले, दिशा लिहिली नाही आणि सवयीने वजाबाकी केली. ०.४२ मधून ०.०४ गेले, ०.३८ उरले. मिळवले असते तर ०.४६ आले असते.

आठ शतांश मिलिमीटरने काय बिघडते, असे वाटेल. पण हाच व्यास पुढे तारेची रोधकता काढताना वापरला जातो आणि तिथे छेदाच्या क्षेत्रफळासाठी त्याचा वर्ग करतात. ०.४६ ऐवजी ०.३८ घेतले की क्षेत्रफळ सुमारे ३२ टक्क्यांनी कमी येते आणि रोधकताही तितकीच घसरते. मग मुले मीटरला आणि जोडणीला दोष देत बसतात.

व्हर्निअर कॅलिपरच्या पानावर हीच चूक वेगळा वेष घेते. नेहमीच्या कॅलिपरवर व्हर्निअरचे १० भाग मुख्य पट्टीच्या ९ मिलिमीटरांवर बसतात. म्हणजे व्हर्निअरचा एक भाग ०.९ मिलिमीटरचा आणि लीस्ट काउंट ०.१ मिलिमीटर, अर्थात ०.०१ सेंटिमीटर. समजा जबडे मिटल्यावर व्हर्निअरचे शून्य मुख्य शून्याच्या डावीकडे गेले आणि सातवी रेघ जुळली. त्रुटी ऋण आहे, पण ती सात भागांची नाही, दहातून सात वजा करून उरलेल्या तीन भागांची, म्हणजे उणे ०.०३ सेंटिमीटर. धातूच्या दंडगोलाचे वाचन १.९० आले तर खरा व्यास १.९३. डावे-उजवे न पाहता जुळलेला सात तसाच धन मानून वजा केला, की १.८३ हाती येते. खऱ्या उत्तराशी फरक ०.१० सेंटिमीटर, बरोबर एक मिलिमीटर. धन-ऋणाची ही गल्लत नेहमी मुख्य पट्टीच्या नेमक्या एका भागाइतकी भरते. तपासताना उत्तर अचूक एका मिलिमीटरने हुकलेले दिसले, की आधी शून्य त्रुटीची ओळ वाचावी.

तारेसाठी आणखी सोपा पडताळा आहे. उघडी तार पेन्सिलीभोवती २० वेढे चिकटून गुंडाळायची आणि वेढ्यांची लांबी साध्या फूटपट्टीने मोजायची. ०.४६ ची तार असेल तर लांबी नऊ मिलिमीटरच्या किंचित पुढे जाते, ०.३८ ची असेल तर साडेसातच्या आसपास थांबते. वेढ्यांमध्ये फट राहिली तर लांबी वाढते, त्यामुळे गेजइतके नेमके उत्तर यातून मिळायचे नाही, पण दोन उत्तरांतले खरे कोणते एवढे फूटपट्टी सांगते.

मॅडमनी मुलाला बोलावून तेच गेज हातात दिले. "बंद कर. रॅचेटने. आता रेषेवर किती आहे?"

"शहाण्णव, मॅडम."

"आणि शून्य कुठे आहे?"

त्याने गेज उजेडाकडे धरले, डोळ्यांच्या पातळीवर आणले. "रेषेच्या वर." थोडा वेळ तो वहीकडे बघत राहिला. मग ०.०४ च्या आधी उणे चिन्ह काढले, ०.३८ वर एकच आडवी रेघ मारली आणि शेजारी ०.४६ लिहिले.