फिरून आल्यावरही भूक का लागत नाही?

रोज पहाटे पाऊण तास चालणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘एवढं फिरून येतात, तरी दोन घास जात नाहीत.’ चालण्याने भूक खवळते हा तरुण शरीराचा अनुभव आहे. सत्तरीत जठर सावकाश रिकामं होतं, ‘पोट भरलं’ असं सांगणारी संप्रेरकं जास्त वेळ रेंगाळतात, वास आणि चव बोथट होते. त्यामुळे स्नायू झिजत असतात, पण त्यांची मागणी जिभेपर्यंत पोहोचत नाही.

तहानेचं तर आणखी अवघड. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुण आणि वृद्ध पुरुषांना चोवीस तास पाण्याविना ठेवलं होतं. नंतर पाणी समोर आल्यावर वृद्धांना तहान कमी जाणवली आणि ते तरुणांपेक्षा कमी प्यायले, खरं तर रक्त त्यांचंही घट्ट झालं होतं. त्यात वयानुसार मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकदही कमी होते. म्हणून तहान लागेल तेव्हा पिऊ, भूक लागेल तेव्हा खाऊ हा नियम या वयात भरवशाचा राहत नाही. घड्याळाकडे बघूनच खायला-प्यायला हवं.

पंचावन्न किलो वजनाच्या, सत्तरीतल्या एखाद्या आजींचा दिवस पाहू. उठल्यावर चहा-बिस्किटं, फिरून आल्यावर थोडे पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण-भात, चारला चहा, रात्री वाटीभर मऊ खिचडी. हे सगळं मिळून प्रथिनं भरतात जेमतेम २५ ते ३० ग्रॅम. या वयात दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत असं वृद्धांच्या आहाराचा अभ्यास करणारे सांगतात. म्हणजे आजींना ५५ ते ६६ ग्रॅम लागतात. जवळपास निम्मीच मिळतात, आणि आजींना तर पोटभर जेवल्यासारखं वाटत असतं.

इथे ‘जास्त खा’ असा आग्रह उपयोगाचा नाही, कारण पोटात जागाच नाही. तेवढ्याच घासात प्रथिनं वाढवायची. फिरून आल्यावर पोह्यांआधी पेलाभर दूध द्यावं, त्यात दोन मोठे चमचे दूध पावडर कालवलेली. त्यातून सुमारे ११ ग्रॅम मिळतात. अंडी चालत असतील तर दोन उकडलेली अंडी तेवढंच देतात. दुपारचं वरण पातळ न ठेवता दाट केलं की चारेक ग्रॅम वाढतात, वाटीभर दही घेतलं की आणखी पाच. रात्रीच्या खिचडीत डाळ-तांदूळ समसमान घेऊन वर थोडं पनीर कुस्करलं की सात-आठ ग्रॅमची भर पडते. ताट तेवढंच, पण आकडा ५५च्या घरात जातो. मासे खाणाऱ्यांच्या घरी तर मोठ्या बांगड्याची एक वेळ पुष्कळ काम करते. प्रथिनं एकाच जेवणात कोंबू नयेत. वृद्ध स्नायूंना दर जेवणात थोडा मोठा वाटा मिळाला तरच ते बांधणीला लागतात, म्हणून सकाळचा पेला टाळू नये.

पाण्याची अडचण वेगळी. जेवणाआधी पेलाभर पाणी प्यायलं की भूक आणखी मरते, आणि रात्री उठावं लागेल म्हणून कित्येक जण संध्याकाळनंतरच नव्हे, दिवसभरच हात आखडता घेतात. उपाय वेळापत्रकाचा आहे. उठताच एक पेला पाणी, फिरून आल्यावर ते दूध, साडेदहाला ताक, दुपारी जेवणानंतर तासाभराने एक आणि चारच्या आधी एक पेला पाणी, सहाच्या सुमारास शेवटचा पेला. दोन वेळचा चहा आणि गोळ्यांसोबतचं पाणी धरलं तर दीड लिटरच्या पुढे जातं. युरोपातले पोषणतज्ज्ञ स्त्रियांना किमान १.६ आणि पुरुषांना २ लिटर पेयं सुचवतात. आपल्या उन्हाळ्यात थोडं अधिकच लागेल. चहाही यात धरला जातो, हे अनेकांना माहीत नसतं. कोकम किंवा ताकात मीठ मात्र बेताचं.

घाम किती जातो हे कळायला एक दिवस फिरण्याआधी आणि नंतर वजन करावं. अर्धा किलो घटलं तर अर्धा लिटर द्रव गेला. लघवीचा रंग या वयात फसवा ठरतो. उठताना चक्कर, नव्याने बद्धकोष्ठ, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसली तर दुर्लक्ष करू नये.

स्नायू गळत आहेत का, हे खुर्ची सांगते. हात छातीशी धरून पाच वेळा उठा-बसायला पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. फिरण्याने वजन उतरलं म्हणून आनंद मानणाऱ्यांनीही सावध राहावं: न ठरवता सहा महिन्यांत वजनाच्या पाच टक्के, म्हणजे आजींच्या बाबतीत पावणेतीन किलो घटले, तर कारण शोधायला हवं. मधुमेहाची मेटफॉर्मिनसारखी गोळीही कधी कधी भूक मारते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर नुसतं पाणीच भरपूर पिण्याने सोडियम घसरू शकतं. हृदय निकामी होण्याचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं आणि प्रथिनांचं माप डॉक्टरांनीच ठरवायचं, वरचे आकडे तिथे लागू नाहीत.