गुजराती पाटी दुरुस्त करताना मराठीची फूटपट्टी चालत नाही

मुंबई : ‘काठीयावाडी फरसाण’ अशी पाटी पाहून मराठी वाचकाला काहीही खटकत नाही. गुजरातीच्या शिक्षकाला मात्र पहिल्याच शब्दात चूक दिसते. प्रमाण गुजरातीत तो शब्द ‘काठियावाडी’ असा, ठ ला ऱ्हस्व इकार देऊन लिहिला जातो. घाटकोपर, मुलुंड, भुलेश्वर या मुंबईच्या भागांत आणि गुजरातला लागून असलेल्या नंदुरबार, पालघर जिल्ह्यांत गुजराती पाट्या व हाताने लिहिलेली दरपत्रके नित्याचीच आहेत. पाटी रंगवणारा किंवा संगणकावर अक्षरे जुळवणारा कारागीर अनेकदा मराठी वा हिंदी भाषक असतो. त्यामुळे त्याने केलेली ‘दुरुस्ती’ हीच कधी कधी नवी चूक ठरते.

गुजराती शुद्धलेखनाचा आधार म्हणजे गुजरात विद्यापीठाचा ‘जोडणीकोश’. महात्मा गांधींच्या आग्रहातून तयार झालेला हा कोश १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘जोडणी’ म्हणजे शब्दातील अक्षरांची मांडणी, आपण ज्याला शुद्धलेखन म्हणतो ते. दुकानांच्या पाट्यांसाठी या कोशातील दोन-तीन नियम पुरेसे ठरतात. पहिला नियम यकाराचा. शब्दात ‘य’च्या आधी येणारा इकार ऱ्हस्व लिहायचा. म्हणून ‘काठियावाडी’, ‘गांठिया’, ‘करियाणुं’ (आपला किराणा) आणि ‘रूपिया’. पाट्यांवर सर्वाधिक दिसणारी ‘गांठीया’ आणि ‘करीयाणा’ ही रूपे याच नियमाने बाद होतात.

दुसरा नियम शब्दाच्या शेवटाचा. मराठीत शब्दाअखेरचे इकार आणि उकार दोन्ही दीर्घ असतात. गुजरातीत अखेरचा ईकार दीर्घ, पण उकार सामान्यतः ऱ्हस्व. आपला ‘लाडू’ तिथे ‘लाडु’ होतो. ‘लिंबू’चे तर पूर्ण उलटे होते, गुजरातीत ‘लींबु’, म्हणजे पहिले अक्षर दीर्घ आणि शेवटचे ऱ्हस्व. मराठीत अंत्य अक्षर दीर्घ असल्याने त्याआधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो, म्हणून आपण ‘मिठाई’ आणि ‘रुपया’ लिहितो. गुजरातीत ‘मीठुं’ (गोड) या मूळ शब्दातला दीर्घ ईकार ‘मीठाई’मध्ये टिकतो आणि ‘रूपिया’चा पहिला उकारही दीर्घच असतो. साहजिकच दरपत्रकावरचे संक्षिप्त रूप मराठीत ‘रु.’, तर गुजरातीत ‘रू.’. मराठी डोळ्याला हा दीर्घ उकार चूक वाटतो, पण तो खोडणे चूक ठरेल.

तिसरी बाब अनुस्वाराची. गुजरातीत नपुंसकलिंगी शब्दाच्या अनेकवचनावर अनुस्वार येतो : ‘ढोकळुं’चे ‘ढोकळां’, ‘केळुं’चे ‘केळां’, ‘मरचुं’चे ‘मरचां’. ‘गांठियो’ आणि ‘फाफडो’ हे पुल्लिंगी असल्याने ‘गांठिया’, ‘फाफडा’ या अनेकवचनांवर अखेरचा अनुस्वार नसतो. मराठीने असे उच्चारात न उरलेले अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी सोडून दिले. त्या सवयीने गुजराती पाटीवरचे टिंब पुसले, की व्याकरणच पुसले जाते.

समजा, एका फरसाणाच्या दुकानातील फळ्यावर असे लिहिले आहे : ‘गांठीया १०० ग्राम रु ५०, ढोकळा ५०० GMS, दुध ५०० ML, लिंबू २ नंग’. दुरुस्त फळा असा होईल : ‘गांठिया १०० ग्राम रू. ५०, ढोकळां ५०० ग्राम, दूध ५०० मिलि, लींबु २ नंग’. यात ‘ग्राम’ बदललेले नाही, हे ध्यानात घ्यावे. मराठीत वजनाला ‘ग्रॅम’ आणि गावाला ‘ग्राम’ म्हणतात, म्हणून ते खटकते. पण गुजरातीत वजनाचा शब्द ‘ग्राम’ हाच आहे. लखनौच्या हिंदी दरपत्रकावरही ‘ग्राम’च आढळेल. ‘नंग’ म्हणजे आपला ‘नग’, तोही बरोबर. दूध दोन्ही भाषांत दीर्घच.

रोमन चिन्हांचे नियम मात्र कोणत्याही भाषेच्या मर्जीवर नाहीत. ग्रॅमसाठी g, किलोग्रॅमसाठी kg, मिलिलिटरसाठी ml. अनेकवचनाचा s नाही आणि मध्ये टिंबही नाही. मोठ्या लिपीतला M हे ‘मेगा’ म्हणजे दहा लाखांचे चिन्ह आहे. ‘५०० ML’ शब्दशः वाचले, तर ते पन्नास कोटी लिटर होते. गिऱ्हाईक अर्थातच तसे वाचत नाही.

हस्तलिखितात खरी अडचण अंकांची असते. देवनागरीत ‘र’ला शिरोरेषा असते, ‘२’ला नसते, त्यामुळे फरक चटकन कळतो. गुजराती लिपीला शिरोरेषाच नाही. परिणामी तिथे ‘र’ हे अक्षर आणि दोनचा अंक जवळजवळ सारखे दिसतात; ‘प’ आणि पाचचेही तेच. अक्षरजुळणी करणारा दोनच्या जागी ‘र’ टंकतो, छापल्यावर चूक दिसत नाही, पण संगणकावर तो आकडा शोधला तर सापडत नाही. याहून महाग पडते ती अंकांची सरमिसळ. गुजराती व देवनागरी एकचा अंक इंग्रजी 9 सारखा दिसतो. एकाच फळ्यावर दोन्ही पद्धती असतील, तर दहा रुपयांचे नव्वद वाचले जाऊ शकतात. म्हणून तपासणाऱ्याने आधी पाहायचे ते हेच, की संपूर्ण दरपत्रक एकाच अंकपद्धतीत आहे का.

शुद्धलेखनाबाबत एक मर्यादाही आहे. जानेवारी १९९९ मध्ये उत्तर गुजरातेतील ऊंझा येथे झालेल्या परिषदेत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडून एकच दीर्घ ई आणि एकच ऱ्हस्व उ वापरण्याचा पुरस्कार झाला. ‘ऊंझा जोडणी’ मानणाऱ्याच्या दृष्टीने ‘गांठीया’ बरोबर ठरते. पाठ्यपुस्तके आणि बहुतांश प्रकाशने जोडणीकोशाचेच नियम पाळतात; तरी दुरुस्तीपूर्वी दुकानदाराला विचारलेले बरे. शिवाय पाटीवरील नाव व्यवसाय नोंदणीत जसे असेल तसेच ठेवणे इष्ट. नोंदणी ‘काठीयावाडी’ अशी असेल, तर रंगाऱ्याने ती परस्पर सुधारू नये.

एककांना अशी सवलत नाही. वैध मापन अधिनियम, २००९ च्या कलम ११ नुसार दर सांगताना, दरपत्रक लावताना किंवा पावती देताना प्रमाणित एककच वापरावे लागते. मग फळा कोणत्याही लिपीत असो. देशात दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तरी जुने शब्द बाजारात टिकले आणि त्यांचा अर्थ सरकला. मराठी ग्राहक ‘पावशेर’ म्हणतो तेव्हा त्याला २५० ग्रॅम अभिप्रेत असतात. ऐंशी तोळ्यांच्या जुन्या शेराचा पाव हिस्सा सुमारे २३३ ग्रॅम भरत असे.

‘मण’ या शब्दात हा गोंधळ सर्वाधिक आहे. ब्रिटिश काळातील बंगाली मण सुमारे ३७.३ किलोचा, तर मुंबईचा २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा. आज गुजरातच्या बाजार समित्यांत कापूस, भुईमुगाचे भाव २० किलोच्या मणावर बोलले जातात, महाराष्ट्रात क्विंटलवर. नवापूरचे रेल्वे स्थानक निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे. अशा सीमेवर दोन्ही भाव एकाच शेतकऱ्याच्या कानी पडतात. गुजराती फळ्यावर ‘१ मण रू. १५००’ असेल, तर क्विंटलचा भाव पाचपट, म्हणजे ७५०० रुपये होतो. तोच मण ३७.३ किलोचा समजला, तर हिशेब सुमारे ४००० रुपयांवर येतो. येथे दुरुस्ती एका ओळीची आहे : ‘२० कि.ग्रा. रू. १५००’. ‘मण’ हा शब्द बोलण्यात राहिला तरी चालेल, फळ्यावर किलोच हवेत.