नखाचं पेर आणि माणसाची जिद्द

हस्तसामुद्रिक पाहणारा जाणकार रेषांआधी अंगठा पाहतो. किरोच्या पुस्तकांतून आलेली पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. त्यात अंगठ्याचे तीन भाग धरतात. नखाचं पेर म्हणजे इच्छाशक्ती, त्याखालचं पेर म्हणजे विचारशक्ती आणि तळहातात मिसळणारा शुक्राचा उंचवटा म्हणजे प्रेम व आसक्ती. नखाचं पेर लांब आणि भरीव असेल तर माणूस जिद्दी. खालचं पेर त्याहून बरंच लांब असेल तर विचार भरपूर, पण कृती होत नाही.

मग लवचीकपणा. टोक मागे कमानीसारखं वळत असेल तर माणूस उदार, खर्चिक, समोरच्याशी चटकन जुळवून घेणारा. ताठ अंगठ्याचा माणूस हट्टी, सावध आणि आतल्या गाठीचा. शेवटी कोन. हात सैल सोडल्यावर अंगठा तर्जनीला चिकटून राहिला तर भित्रेपणा, काटकोनात उभा राहिला तर कोणाचं न ऐकणारा स्वभाव. साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन समतोलाचा मानतात.

आता एखादीचं नखाचं पेर लांब आहे, पण ते सहज मागे वळतं, आणि कोन मध्यम आहे. पहिला नियम तिला जिद्दी म्हणतो, दुसरा नमतं घेणारी. जाणकार दोन्ही जोडून सांगतो, "मनात आणलंत की करताच, पण जवळच्या माणसांपुढे नमतं घेता." हे वाक्य कोणाला लागू पडणार नाही? दोन नियमांत विरोध आला की चूक ठरण्याऐवजी भाकीत अधिकच सफाईदार होतं, ही या शास्त्राची खरी हुशारी.

अंगठा मागे वळणं मुख्यतः सांध्याभोवतीचे अस्थिबंध किती सैल आहेत यावर ठरतं, आणि ते बरंचसं घराण्यातून येतं. वयाबरोबर सांधे आखडतात. मुळाशी संधिवात झाला तर अंगठा पुरता फाकवताही येत नाही, म्हणजे कोनही बदलला. पुस्तकाप्रमाणे अशी बाई उतारवयात हट्टी आणि भित्री, दोन्ही व्हायला हवी! नखाचं पेर आखूड आणि रुंद असलेल्या अंगठ्याला तर जुन्या पाश्चात्त्य पुस्तकांनी 'खुन्याचा अंगठा' ठरवलं. प्रत्यक्षात ती हाडाची आनुवंशिक ठेवण आहे, आणि ती असलेली कितीतरी माणसं निमूटपणे संसार करतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रे हायमन तरुणपणी हात पाहायचे, आणि लोकांना ते इतकं पटायचं की त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता. स्टॅनली जॅक्स या जादूगार मित्राच्या सल्ल्यावरून त्यांनी मुद्दाम हातावर दिसेल त्याच्या नेमकं उलट सांगायला सुरुवात केली. ऐकणाऱ्यांना तेही तितकंच खरं वाटलं.