सत्तर हजारांत मिटलं, पण कागदावर काय?

समजा, सौंसरच्या एका संत्रा व्यापाऱ्याने खोक्यांचं ८४,००० रुपयांचं बिल अडवलं, कारण काही खोकी ओली निघाली. पुरवठादाराशी फोनवर बोलून ७०,००० वर मिटलं. पण पुरवठादाराच्या खात्यात १४,००० रुपये बाकीच दिसतात आणि पुढच्या हंगामात तगादा सुरू होतो. म्हणून त्याच दिवशी लिहून पाठवावं:

“बिल क्र. ११२, रु. ८४,००० याबाबत आज फोनवर ठरल्याप्रमाणे रु. ७०,००० येत्या २५ तारखेपर्यंत आपल्या खात्यात जमा करू. रक्कम जमा होताच या बिलाची पूर्ण व अंतिम फेड झाली आणि या बिलाबाबत व त्यातील मालाबाबत दोघांचाही एकमेकांवर कोणताही दावा उरला नाही, असे ठरले आहे. कृपया ‘मान्य’ असे कळवावे.”

यातले ‘जमा होताच’ हे शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. पैसे आले नाहीत तर पुरवठादाराचा मूळ दावा शाबूत राहतो. ‘या बिलाबाबत’ म्हटल्याने इतर बिलं सुटत नाहीत. आणि ‘मान्य’ आल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे.

कमी रकमेत फेड मान्य करण्याची मुभा भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ मध्ये आहे. वऱ्हाडच्या युवराजांना दागिने विकणाऱ्या जवाहिऱ्यांनी वीस लाख रुपये पूर्ण फेड म्हणून घेतले आणि मग उरलेल्यासाठी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने तो याच कलमावर फेटाळला. मात्र ‘मान्य’ दबावाखाली किंवा फसवून घेतलेलं असेल, तर ते टिकत नाही.