रिटायर झाला की माणूस देवाला लागतो?

कोल्हापुरात कुणी ५८ व्या वर्षी निवृत्त झाला की ठरलेलं वाक्य कानावर येतं: "आता काय, अंबाबाई आणि जोतिबा!" पुराव्यादाखल पहाटेच्या काकड आरतीला जमलेली पांढरी डोकी दाखवली जातात. पण त्या वेळी तरुण कुठे असतो? डबा, मुलांची शाळा, दहाचं ऑफिस. त्या गर्दीवरून सकाळ कुणाची मोकळी आहे एवढंच कळतं. भक्ती वाढली की नाही, ते कळत नाही. प्यू संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३०,००० प्रौढांना विचारलं, तेव्हा ९७ टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचं सांगितलं. जिथे जवळजवळ सगळेच आधीपासून मानतात, तिथे साठीत नव्याने वळायला उरतं कोण? बदलतो तो बहुधा दिनक्रम. आणि ज्या बाईने जन्मभर घरातले देव पुजले, कुलाचार सांभाळले, ती कोणत्या तारखेला रिटायर झाली म्हणायची? निवृत्तीचा हा सिद्धांत पगारी पुरुषावर बेतलेला आहे.

दुसरी गफलत हिशेबाची. आज ७० वर्षांचा माणूस ३० वर्षांच्या माणसापेक्षा जास्त देवदेव करताना दिसला, तर ते वयामुळे की पिढीमुळे, हे एका वेळच्या पाहणीतून सांगता येत नाही. तो तिशीतही तसाच असेल. म्हणून तीच माणसं वर्षानुवर्षं तपासावी लागतात. व्होअस आणि क्रॉकेट या संशोधकांनी २००५ मध्ये ब्रिटनच्या अशाच आकडेवारीवरून दाखवलं, की तिथल्या धर्मभावनेतली घसरण मुख्यतः पिढीगणिक झाली; वयाचा वाटा किरकोळ. यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: कॅलिफोर्नियात बेंग्टसन यांच्या संशोधक गटाने १९७१ पासून तीन दशकांहून जास्त काळ त्याच कुटुंबांचा माग घेतला, तेव्हा उतारवयात श्रद्धेची तीव्रता थोडी वाढलेली आढळली. म्हणजे वयाचा परिणाम शून्य नाही. पण चर्चमधल्या हजेरीचा आलेख श्रद्धेच्या आलेखाबरोबर चालला नाही, आणि आपण तर फक्त हजेरीच मोजतो. शिवाय अमेरिकेतलं रविवारचं चर्च आणि आपलं देवघर यांना एकच फूटपट्टी लावणंही धोक्याचं.

"मरणाच्या भीतीने देव आठवतो" हेही असंच. सुमारे १०० अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या आढाव्यात भीती आणि धार्मिकता यांचा संबंध फारच क्षीण निघाला. आणि वानप्रस्थाचा दाखला देणाऱ्यांनी मनुस्मृती उघडून पाहावी. नातू दिसल्यावर तिथे घर सोडून वनात जायला सांगितलंय, रोज देवळात नव्हे.

गुडघे गेल्यामुळे जोतिबाच्या पायऱ्या सुटलेली आजी घरी जपमाळ ओढत असते. देवळातली डोकी मोजणाऱ्याच्या वहीत तिची भक्ती कमी झाल्याची नोंद होते.