गोल बाटलीवर मोबाइलचं वाचन का चुकतं?

औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचता आली नाहीत, की आता आपण मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरतो. परक्या भाषेतला मजकूर असला तर भाषांतर त्याच जागी उमटतं. ‘वर्ड लेन्स’ने २०१० मध्ये आयफोनवर ही किमया दाखवली आणि २०१५ मध्ये ती गूगल ट्रान्सलेटमध्ये आली. सपाट छापील पाटीवर हे काम झकास होतं. गोल बाटलीवर किंवा अंधुक उजेडात मात्र गडबड होते.

फोन आधी चित्रात अक्षरं कुठे आहेत ते शोधतो. मग एकेका ओळीची आडवी पट्टी कापून ती सरळ करतो आणि त्यातली अक्षरं ओळखतो. भाषांतर त्यानंतर होतं. म्हणजे पट्टीच नीट कापली गेली नाही, तर पुढचं सगळं बिघडतं.

बाटलीवर नेमकं हेच होतं. समोरची अक्षरं पूर्ण रुंदीची दिसतात, पण मध्यापासून ६० अंश वळलेल्या बाजूवरचं अक्षर निम्म्याच रुंदीचं दिसतं. उंची तेवढीच राहते. मग इंग्रजीतले शेजारी-शेजारी आलेले ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून ‘एम’सारखे दिसू लागतात. त्यात फोन वरून धरला तर ओळ कमानीसारखी वाकते आणि सरळ पट्टीत शेजारच्या ओळीचे तुकडे येतात.

उजेड कमी असला की कॅमेरा प्रकाश जास्त वेळ आत घेतो. तेवढ्यात हात हलला तर अक्षर पुसट होतं. तो मिळालेला प्रकाश वाढवूनही दाखवतो, त्यामुळे चित्रात दाणे येतात. हे दाणे फोन पुसून टाकतो, आणि दाण्याएवढाच बारीक ठिपकाही त्याबरोबर जाऊ शकतो. समजा, बाटलीवर ‘०.५ मिली’ लिहिलंय. मधला ठिपका गेला तर उरतं ‘०५’, म्हणजे डोस दहापट! शब्दातलं चुकलेलं अक्षर आजूबाजूच्या अक्षरांवरून सावरता येतं, आकड्याला तसा आधार नसतो. म्हणून भाषांतर गुळगुळीत वाचता आलं, तरी ते बरोबरच आहे असं धरू नये.

चूक ओळखायची एक खूण आहे: फोन स्थिर धरूनही पडद्यावरचा शब्द सारखा बदलत असेल, तर वाचन डळमळीत आहे. अशा वेळी लाइव्ह भाषांतर बंद करून साधा फोटो काढा. फोन बाटलीच्या मधोमध समोर धरा, बाटली थोडी थोडी फिरवत दोन-तीन फोटो घ्या आणि प्रत्येकातला मधलाच भाग वाचा. फोनचा फ्लॅश चकचकीत लेबलवर पांढरा डाग पाडतो. त्यापेक्षा बाजूने दिवा धरा. प्लास्टिकवर शाईविना उठवलेली तारीखही अशा तिरप्या उजेडात सावलीमुळे उठून दिसते. डोसाचा आकडा मात्र मूळ फोटो मोठा करून स्वतः वाचा, आणि शंका राहिली तर औषध देण्याआधी केमिस्टला विचारा.