मुदतीआधी यंत्र विकत घेताना

समजा, भोसरीतल्या एका कारखान्याने सीएनसी यंत्र 60 महिन्यांच्या भाडेकराराने घेतले आहे. 36 हप्ते भरून झाले, दरमहा 1 लाखाचे 24 उरले आणि शेवटी 5 लाख देऊन यंत्र आपले होणार. मालकाला ते आजच विकत घ्यायचे आहे. ‘किती द्यायचे ते कळवा’ एवढेच पत्रात लिहिले, तर बहुधा एकच आकडा येतो आणि तो तपासताच येत नाही.

म्हणून पत्रात करार क्रमांक, यंत्राचा अनुक्रमांक आणि खरेदीची तारीख देऊन रकमेची फोड मागावी. खरा प्रश्न पुढच्या हप्त्यांचा असतो. सरळ बेरीज केली तर 29 लाख होतात. पण दोन वर्षांनी द्यायचे पैसे आज दिले, तर त्यांतले व्याज वजा व्हायला हवे. दरमहा 1 टक्का दराने हीच रक्कम सुमारे 25 लाख 18 हजारांवर येते. त्यामुळे कंपनीने कोणता दर लावला, हे लेखी मागणे सर्वांत महत्त्वाचे. अर्थात, पूर्ण हप्ते घेण्याचे कलम करारात असेल, तर सवलत वाटाघाटीवरच अवलंबून राहते. ते कलम आधी वाचावे.

थकबाकी, मुदतपूर्व शुल्क आणि जीएसटी वेगळे दाखवायला सांगावे. अनामत रक्कम वजा झाली आहे का, हेही विचारावे. ती राहून जाऊ शकते. दरपत्रक कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे आणि पैसे भरल्यावर विक्रीचे बीजक व ना-देय दाखला कधी मिळेल, हेही त्याच पत्रात विचारावे.